अर्थिंग जोडलं की आरसीसीबी पडतो, काढलं की पंप चालतो

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. विहिरीवर किंवा टाकीशेजारी पंप, घरच्या बोर्डात करंटची गळती दिसली की वीज तोडणारा आरसीसीबी, आणि पंपाचं बटण दाबलं की घरभर अंधार. मग कुणीतरी पंपाच्या बॉडीवरची हिरवी तार सोडून बघतो आणि पंप निमूट चालू लागतो. त्यावरून निदानही होऊन जातं की घोटाळा अर्थिंगमध्ये आहे. तार तशीच लोंबकळत राहते, पुढच्या पावसाळ्यात आरसीसीबी परत पडायला लागतो, आणि मग आरसीसीबीलाही बगल दिली जाते.

या निदानात गोष्ट नेमकी उलटी धरलेली असते. अर्थिंगची तार जोडल्यावर आरसीसीबी पडत असेल, तर तार शाबूत आहे, आरसीसीबीही शाबूत आहे, आणि खराबी मोटारीत, तिच्या टर्मिनल बॉक्समध्ये किंवा केबलमध्ये आहे. तार काढल्यावर गळती थांबत नाही. तिला जमिनीत उतरायचा रस्ता मिळत नाही, एवढंच. बॉडीला हात लावणारा पहिला माणूस तो रस्ता पुरवतो.

हे आकड्यांत नीट दिसतं, म्हणून कोकणातल्या एका विहिरीवरची केस तपशिलात सांगतो.

विहीर घरापासून साधारण चाळीस मीटरवर. काठावर जांभ्या चिऱ्यांचं छोटं पंपघर, वर कौलं, त्यातली दोन सरकलेली. आत एक एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक, काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टने बसवलेला. घरच्या बोर्डात जादा करंटला पडणारा सोळा अँपिअरचा एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तिथून तीन कोरची अडीच स्क्वेअरची केबल पंपघरापर्यंत, आणि पंपघरात भिंतीवर साधं एका पोलचं बटण. मालकांनी आल्या आल्या सांगितलं, "अर्थिंग काढून ठेवलंय, आता एकदम मस्त चालतो. फक्त कधीतरी बॉडीला मुंग्या येतात, तेवढंच बघा."

त्या मुंग्या म्हणजेच सगळी केस.

घरच्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. पंपाची सक्शनची पाइप पूर्वी जीआयची होती, ती गंजली म्हणून काळी एचडीपीई टाकली. जीआय पाइप थेट विहिरीच्या पाण्यात उतरलेली असते, त्यामुळे पंपाची बॉडी नकळत अर्थ झालेली असते. प्लास्टिकची पाइप आली की तो आधार जातो. गावोगाव पाइपा बदलल्या गेल्या, पण त्याबरोबर बॉडीला नवीन अर्थिंग द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. जुनी मोटार वर्षानुवर्षं गुणी होती आणि पाइप बदलल्यावर शॉक द्यायला लागली, असं कुणी सांगितलं तर आधी हे बघावं. मोटार तेव्हाही गळत असेल, फक्त तिची गळती पाइपेतून मुकाट विहिरीत जात होती.

आता मोजमाप. मेन बंद केला, केबल दोन्ही टोकांना सोडली आणि मोटार एकटी पाडली. मोटारीच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत इन्शुलेशन मोजणारा मेगर लावला, पाचशे व्होल्टचा. काटा शून्यावर. मेगरचं शून्य म्हणजे खरोखरचा शॉर्ट असेलच असं नाही, काही हजार ओहमसुद्धा तो शून्यच दाखवतो. म्हणून साधा मल्टीमीटर ओहमवर लावला. ओल असल्यामुळे आकडा हलत होता, पण नऊ हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे फेज आणि बॉडी यांच्यामध्ये नऊ हजार ओहम उरले होते. धडधाकट मोटारीत तिथे निदान दहा लाख, म्हणजे एक मेगओहम तरी हवेत, आणि कोरड्या नव्या मोटारीत त्याच्या कितीतरी पट असतात.

हे नऊ हजार धरून तीन प्रसंग बघू.

पहिला, अर्थिंग जोडलेलं आहे. इथला अर्थ मोजला तेव्हा साठ ओहम भरला. २३० व्होल्ट भागिले नऊ हजार साठ, म्हणजे सुमारे २५ मिलिअँपिअर बॉडीतून जमिनीत जातात. बॉडीवर राहणारा व्होल्टेज त्या साठ ओहमवर पडतो तेवढा, म्हणजे दीड व्होल्ट. ओल्या हातालाही तो जाणवणार नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक बघतो. त्याला पंचवीसची तूट दिसते आणि तो पडतो. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी तिशीला पडलाच पाहिजे आणि पंधराच्या खाली पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात कुठे पडेल ते त्या त्या नगावर असतं. बाजारातले बरेचसे वीस-पंचवीसच्या आसपास पडतात. इथला पडत होता.

दुसरा, अर्थिंग काढलेलं आहे. काँक्रीटचा ओटा कोरडा असला की गळतीला जायला जागा नाही, म्हणून तूट नाही आणि आरसीसीबी शांत. पण बॉडी आता त्या नऊ हजारांतून थेट फेजला टांगलेली आहे. कुणी अनवाणी, ओल्या चिऱ्यावर उभं राहून पंपाला हात लावला, तर शरीराचे ओल्या अवस्थेतले साधारण हजार ओहम धरून २३० भागिले दहा हजार, म्हणजे २३ मिलिअँपिअर त्याच्या अंगातून जातात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि पकड सोडता येत नाही. आणि हे तेवीस आरसीसीबीच्या त्याच मधल्या पट्ट्यात बसतात. तो पडेल किंवा पडणारही नाही. घरच्यांना अजून फक्त मुंग्या येत होत्या, कारण पायात रबरी चप्पल असायची.

तिसरा, अर्थिंग जोडलेलं आहे पण आरसीसीबी नाही, फक्त एमसीबी. अनेकांना हे पुरेसं वाटतं. समजा गळती वाढत वाढत पूर्ण फॉल्ट झाला, वाइंडिंगची तार बॉडीला टेकली. करंटचा रस्ता आपला अर्थ साठ ओहम, आणि तिकडे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा अर्थ, तो पाच ओहम धरू. २३० भागिले ६५ म्हणजे साडेतीन अँपिअर. सोळा अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला ऐंशी ते एकशे साठ अँपिअर लागतात. साडेतीनची तो दखलसुद्धा घेत नाही, कारण मोटार चालताना त्याहून जास्त घेते. आणि बॉडीवर साडेतीन गुणिले साठ, म्हणजे २१२ व्होल्ट. उत्तम जोडलेलं अर्थिंग, कोळसा-मीठ घातलेला खड्डा, सगळं असून बॉडी जिवंत! मीटर फिरत राहतो आणि महिन्याच्या बिलात तेवढी वाढ दिसते. आरसीसीबी असता तर हा साडेतीन अँपिअर त्याने चाळीस मिलिसेकंदांच्या आत तोडला असता.

म्हणून ओल्या जागेच्या पंपाला दोन्ही लागतात. आरसीसीबीशिवाय अर्थिंग फॉल्ट तोडत नाही. अर्थिंगशिवाय आरसीसीबी माणूस चिकटेपर्यंत वाट बघतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती वारंवार विचारली जाते. अर्थिंग किती ओहमचं हवं? आरसीसीबी असेल तर गणित फार कडक नाही. ओल्या जागेत बॉडीवर २५ व्होल्टपेक्षा जास्त राहू द्यायचे नाहीत असं धरलं, तर २५ भागिले ०.०३ म्हणजे ८३३ ओहमपर्यंत तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी सांभाळून घेतो. कातळावर एक-दोन ओहम मिळवायचा अट्टहास करून हजारो रुपये खड्ड्यात घालायची गरज नाही. मात्र मे महिन्यात सुकल्यावर तो आकडा कुठे जातो हे कळत नाही, म्हणून मी दोनशेच्या आत आल्याशिवाय सोडत नाही. कोकणात सोपी जागा म्हणजे माडाचं आळं किंवा न्हाणीचं पाणी जातं तिथली माती. बारा महिने ओल असते. पिण्याच्या विहिरीला लागून मात्र मीठ घातलेला खड्डा घेऊ नये. मीठ पावसाळ्यात झिरपून पाण्यातच जाणार.

बल्ब लावून अर्थिंग तपासायची जुनी पद्धत इथे फसवते. शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावला तर तो अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, साधारण ०.४ घेतो. साठ ओहमवर त्याचे चोवीसेक व्होल्ट जातात, उरलेल्या दोनशेंवर बल्ब झकास पेटतो. बघणारा म्हणतो अर्थिंग फर्स्टक्लास. वर बघितलंच की याच साठ ओहमवर एमसीबी जन्मात पडणार नाही. बल्ब पेटला म्हणजे तार कुठेतरी जमिनीला लागलेली आहे, इतकंच सिद्ध झालं.

आता फॉल्ट शोधायचा क्रम. आरसीसीबी कधी पडतो यावरून अर्धं काम बसल्या जागी होतं.

पंपाचं बटण बंद असताना, केबल फक्त जोडलेली आहे आणि तरी आरसीसीबी उभाच राहत नाही, तर गळती बोर्ड आणि बटण यांच्या मधल्या केबलमध्ये आहे. बटण दाबताक्षणी पडतो, तर मोटार, तिचा टर्मिनल बॉक्स किंवा बटणापुढची केबल. दहा-पंधरा मिनिटं चालून पडतो, तर बहुधा सीलमधून पाणी आत शिरतंय किंवा तापल्यावर उघडं पडणारं इन्शुलेशन आहे. सकाळी पहिल्यांदा पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला चालतो, तर रात्रीचं दव टर्मिनल बॉक्समध्ये बसतंय. हा शेवटचा प्रकार लोक सर्वांत जास्त सहन करतात, कारण "दोनदा वर केला की चालतो." प्रत्येक वेळी वर करताना ओलसर टर्मिनलवर ठिणगी पडते आणि तिथे कार्बनची रेघ तयार होते. एकदा ती रेघ पक्की झाली की मग कोरड्या हवेतही गळती जात नाही.

एक प्रकार मात्र भल्याभल्यांना चकवतो: पंप बंद आहे, कुणी बटणाला हातही लावलेला नाही, आणि घरात इस्त्री किंवा गीझर लावला की आरसीसीबी पडतो. इस्त्री बदलून बघतात, गीझर बदलून बघतात. पंपघरातलं बटण एका पोलचं असतं हे इथलं कारण. ते फक्त फेज तोडतं. मोटारीचं वाइंडिंग न्यूट्रलला कायम जोडलेलं राहतं. वाइंडिंग बॉडीला गळत असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ तिथे पडलेली असते. घरात मोठा लोड लागला की न्यूट्रलवर दोन-चार व्होल्ट चढतात, त्यातला थोडा करंट न्यूट्रलची वाट सोडून पंपाच्या अर्थिंगमधून जातो आणि तूट दिसते. गळती हजारो ओहमची असेल तर हे होत नाही. जवळजवळ टेकलेली असेल तरच होतं. ओळखायला सोपं: पंपाची केबल बोर्डातून दोन्ही तारांसकट सोडा. इस्त्री चालली, तर इस्त्री निर्दोष आहे. कायमचा उपाय म्हणजे पंपासाठी दोन पोलचा एमसीबी किंवा डीपी स्विच, म्हणजे बंद असताना न्यूट्रलही तुटतो.

आपल्या केसमध्ये बटण दाबल्यावर पडत होता. केबल आधी मोजली: कोर ते कोर आणि कोर ते अर्थ, चाळीस मेगओहमच्या वर. केबल सुटली. मग मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडला. केबल वरच्या बाजूने आत घेतलेली, भोकात केबलभोवती आवळून बसणारा ग्लँड नाही, भोकाला काळी टेप गुंडाळलेली. झाकणाची रबरी गास्केट कधीच गेलेली. आत टर्मिनल पट्टीवर पांढरट हिरवा थर, कोपऱ्यात मुंग्यांनी आणलेली माती, आणि माती ओली. कौलांतून गळणारं पाणी केबलवरून ओघळत बरोबर बॉक्सच्या आत येत होतं. माती खरवडली, पट्टी स्पिरिटने पुसली, हवेच्या ब्लोअरने कोरडी केली. परत मल्टीमीटर: वीस हजार. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. म्हणजे अर्धी गळती बॉक्समध्ये आणि अर्धी आत वाइंडिंगमध्ये. बरेच जण पहिला दोष सापडला की थांबतात. वीस हजारांना साडेअकरा मिलिअँपिअर जातात, म्हणजे आरसीसीबी पडला नसता आणि काम झालं असं वाटलं असतं. पहिल्या मोठ्या पावसापर्यंत.

मोनोब्लॉकमध्ये पंप आणि मोटार एकाच शाफ्टवर असतात, मध्ये मेकॅनिकल सील. सील झिजला की पाणी शाफ्टवरून मोटारीकडे सरकतं. पंप आणि मोटार यांच्या मधल्या मोकळ्या जागेखाली एक भोक असतं, थेंब तिथून खाली पडावेत म्हणून, आणि शाफ्टवर एक रबरी चकती असते, पाणी बेअरिंगकडे जाऊ न देता झटकण्यासाठी. इथे ती चकती फाटलेली होती आणि भोक रंगाने आणि मातीने बुजलेलं. बाहेरून सील गळतोय हे कळायची एकमेव खूण ते भोक होतं आणि तेच बंद. पाणी साठून बेअरिंगमधून वाइंडिंगच्या तोंडापर्यंत गेलेलं. मोटार खोलल्यावर खालच्या अर्ध्यात तपकिरी डाग स्पष्ट दिसले.

अशी मोटार थेट रिवाइंडिंगला द्यायची घाई नको. वॉर्निश काळं पडलेलं नसेल, जळका वास नसेल, तर आधी सुकवून बघावं. स्टेटर उन्हात ठेवला, रात्री बंद खोक्यात शंभर वॉटचा बल्ब लावून उबेला ठेवला. दर काही तासांनी मेगर. सुरुवातीला आकडा जागचा हलत नाही, किंबहुना गरम झाल्यावर थोडा खालीच येतो. तिथे धीर सोडू नये. ओल बाहेर पडायला लागली की मग चढतो. इथे तो थंड झाल्यावर आठ मेगओहमवर स्थिरावला. मग वॉर्निशचा एक हात, नवीन सील, नवीन चकती, दोन्ही बेअरिंग, आणि ते भोक तारेने मोकळं केलं. सुकवूनही आकडा एक मेगओहमच्या वर जात नसेल, किंवा वर जाऊन दुसऱ्या दिवशी परत खाली येत असेल, तर मात्र रिवाइंडिंगशिवाय मार्ग नाही.

जोडणी परत करताना चार गोष्टी बदलल्या. केबल खालून घेतली, बॉक्सच्या आधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ तिथूनच टपकेल. योग्य मापाचा ग्लँड आणि नवी गास्केट. अर्थिंगची तार टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या स्क्रूवर होती, ती मोटारीच्या फ्रेमवरच्या अर्थ बोल्टवर आणली. तो बोल्ट बहुधा रंगाखाली गाडलेला असतो. रंग खरवडून धातू चकचकीत करायचा, तारेला थिंबल, खाली दातेरी वॉशर, वर ग्रीस. रंगावर कसलेला बोल्ट म्हणजे न जोडलेलं अर्थिंगच. तिसरं, पंपघरात दोन पोलचा स्विच. चौथं, पंपासाठी घरच्या बोर्डात वेगळा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, घराच्या आरसीसीबीच्या पुढून न घेता त्याला समांतर. पंपाने घरचा फ्रीज आणि दिवे बंद पाडले की घरातली माणसं आरसीसीबीलाच शत्रू मानतात आणि तिथून बगल द्यायला सुरुवात होते. तो घरच्या बोर्डातच ठेवावा, पंपघरात नाही, म्हणजे मधली चाळीस मीटर केबलही त्याच्या पहाऱ्यात येते.

तीसचा पडतो म्हणून शंभरचा बसवणं हाही एक रूढ उपाय आहे. तो पडायचा थांबतो, हे खरं. पण तेव्हा शंभर मिलिअँपिअरपर्यंतची गळती माणसातून जाऊ द्यायला आपण परवानगी दिलेली असते, आणि हृदय त्याच्या आधीच ताल सोडू शकतं. शंभर किंवा तीनशेचे आरसीसीबी आगीपासून बचावासाठी, मागच्या मोठ्या बोर्डात ठीक. ओल्या जागी माणसासाठी तीस.

दुसरी रूढ युक्ती याहून वाईट: अर्थिंग मिळत नाही म्हणून पंपाची बॉडी न्यूट्रललाच जोडणं. आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे पंपाच्या बाजूला जोडली तर वाइंडिंगची गळती त्याच न्यूट्रलमधून परत येते, तूट दिसतच नाही. आणि ओल्या ओट्यातून थोडा करंट जमिनीत गेला की मात्र तो कारणाशिवाय पडल्यासारखा वाटतो. आरसीसीबीच्या मागे, म्हणजे खांबाच्या बाजूला जोडली तर खांबावरचा न्यूट्रल वाऱ्यात तुटला की घरातल्या चालू बल्बमधून, फ्रीजमधून येणारी फेज थेट पंपाच्या बॉडीवर येते. तेव्हा मोटारीत काहीही दोष नसतो.

थ्री फेज पंपवाल्यांसाठी थोडं वेगळं. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांपासून मोटारीच्या फ्रेमला दोन वेगवेगळ्या तारांनी अर्थ करायची अट आहे. एक तार बांधावर नांगराने तोडली तरी दुसरी राहावी म्हणून ते आहे, शोभेसाठी नाही. दुसरं, थ्री फेजला आरसीसीबी बसवल्यावर मोटार ठणठणीत असूनही तो पडत असेल, तर आधी स्टार्टर बघा. स्टार्टरची कॉइल, इंडिकेटरचे दिवे किंवा मोबाइलवर चालणारा ऑटो स्टार्टर २३० व्होल्टचा असेल आणि त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या मागून घेतलेला असेल, तर फेज आरसीसीबीतून जाते आणि परतीचा करंट बाहेरून. कॉइलचे तीस-चाळीस मिलिअँपिअर पुरेसे होतात. न्यूट्रलही चार पोलच्या आरसीसीबीतूनच पुढे नेला की हा त्रास संपतो. काही जण कॉइलचं दुसरं टोक अर्थिंगला जोडतात. तिथे स्टार्टर दाबल्या दाबल्या आरसीसीबी पडणारच, आणि पडलेला बरा.

शेवटची तपासणी. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्याला दाबावं, पण ते फक्त आतली यंत्रणा हलते का एवढंच सांगतं. ते आतल्या आत एक रेझिस्टर जोडतं. तुमचं अर्थिंग तुटलेलं असलं तरी टेस्ट बटणाने आरसीसीबी पडतोच. अर्थिंगची तार काढून ठेवलेल्या या घरातही तो रोज बटणाने व्यवस्थित पडत होता. पूर्ण साखळी तपासायची तर पंपाजवळ जाऊनच तपासावी लागते. आरसीसीबी टेस्टर असेल तर उत्तम: पंपघरातली फेज आणि पंपाची बॉडी यांच्यामध्ये लावायचा, अर्ध्या करंटला पडू नये, पूर्ण तिसाला पडावा.

टेस्टर नसेल तर पंधरा वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब चालतो, एलईडी नव्हे. हे काम वायरमननेच करायचं, रबरी हातमोजे आणि बूट घालून, आणि त्या वेळी पंपाला, पाइपेला किंवा रहाटाच्या लोखंडाला कुणीही शिवायचं नाही, कारण अर्थिंग तुटलेलं असेल तर या तपासणीतच बॉडीवर फेज येते. बल्बचं एक टोक फेजला, दुसरं फ्रेमच्या अर्थ बोल्टला. पंधरा वॉट म्हणजे सुमारे ६५ मिलिअँपिअर, तिसाच्या दुपटीहून जास्त. बल्ब पेटायच्या आत घरात खट आवाज झाला आणि पंपघरातली फेज गेली, तर अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही कामावर आहेत. बल्ब पेटून राहिला, तर अर्थिंग आहे पण आरसीसीबी मेलेला आहे किंवा त्याला कुणीतरी बगल दिलेली आहे. बोर्ड उघडून बघा. बल्बही पेटला नाही आणि आरसीसीबीही पडला नाही, तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे, आणि ती सापडेपर्यंत पंपाची केबल बोर्डातून दोन्ही तारांसकट सोडून ठेवा.